जलदूतचं पान

सकाळी ६

लातूरहून मध्यरात्रीनंतर आलेली फाईल आत्ता उघडली. आज शनिवार, १२ एप्रिल २०२५. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी, जलदूत, नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला पहाटे लातूरला पोचली होती. आजचा भाग तिच्यावर आहे आणि तो आजच संध्याकाळी साडेसहाला जायला हवा.

आमच्या पॉडकास्टचं काम दोन गावांत विभागलेलं आहे. लातूरचा सहकारी माणसं गाठतो, रेकॉर्डर लावतो, जोडजुळणी करतो. फाईल नांदेडला माझ्याकडे आली की पुढचं सगळं माझं: भागाचं पान, त्यावरचा प्लेअर, फीड आणि ॲपचे दुवे.

आधी पूर्ण भाग हेडफोन लावून ऐकला. मग स्वयंपाकघरात चहा टाकला आणि तोच भाग फोनच्या स्पीकरवर पुन्हा लावला, कारण आमचा ऐकणारा माणूस तसाच ऐकतो. कुणी एसटीत, कुणी शेतात मोटार चालू असताना, कुणी दुकानाचं शटर उघडता उघडता. हेडफोनमध्ये गोड वाटणारा खोल आवाज फोनच्या छोट्या स्पीकरवर निम्मा गळून जातो. एका काकूंचा आवाज मुळातच बारीक. त्यांच्या वाक्यांचे शेवट भांड्यांच्या आवाजात ऐकूच येईनात. ते दोन तुकडे थोडे वर घ्यायला लागतील, असं टिपून ठेवलं.

दुसरी नोंद मात्र महत्त्वाची होती. तिसऱ्या मिनिटाला निवेदनात येतं की पहिल्या गाडीनं पंचवीस लाख लिटर पाणी आणलं. ते बरोबर नाही. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे मिळून पाच लाख लिटर. पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी त्यानंतर काही दिवसांनी सुरू झाली. लोकांच्या आठवणीत दोन्ही गाड्या एक होऊन गेल्यात, आणि आकडा मोठा असल्यामुळे तोच लक्षात राहतो.

सकाळी ७

फोन केला. पलीकडून घंटा आणि भोंगा एकदमच ऐकू आले. हनुमान जयंती आज. सूर्योदयाच्या जन्मसोहळ्यानंतर गल्लीत आरती चाललेली.

"ताई, आत्ता तर रेकॉर्डिंग शक्यच नाही. अकरापर्यंत तरी हे असंच राहील."

"तेवढं एकच वाक्य हवंय. कपाटात जमेल का?"

त्याचं कपाट आमच्या कामाचं आहे. दार उघडून आत गोधड्या टांगल्या आणि तोंड आत घालून बोललं की बाहेरचा आवाज बराच अडतो. पण भोंगा असला तर ती युक्तीही चालत नाही, कारण त्याचा खालचा घुमणारा सूर गोधडीतून सरळ आत येतो. शेवटी ठरलं की आरती संपली आणि प्रसाद वाटायची वेळ आली की तो एक वाक्य तीन वेळा बोलेल आणि त्यानंतर अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता तशीच रेकॉर्ड करेल. ती शांतता लागतेच. नवं वाक्य जुन्यात जोडताना दोन्हीकडची हवा वेगळी ऐकू आली, तर शब्द कितीही स्वच्छ असला तरी कानाला सांधा कळतो.

दुरुस्ती आज, भाग बाहेर जायच्या आधीच व्हायला हवी. फीडमध्ये भाग गेला की ज्यांनी ॲपवर आपोआप उतरवून घ्यायची सोय ठेवली आहे, त्यांच्या फोनवर फाईल काही वेळात जाऊन बसते. नंतर मी सर्व्हरवर फाईल बदलली तरी त्यांच्या फोनमधली जुनीच वाजते. माझ्या हातात राहतं ते फक्त भागाचं पान.

सकाळी ९

वाक्य आलं. जोडलं, काकूंचे तुकडे वर घेतले, आणि अख्ख्या भागाची एकूण आवाजपातळी मोजली. ॲपल उणे १६ एलकेएफएसच्या आसपास राहायला सांगतं, एखादा डेसिबल इकडेतिकडे. शिखर उणे एकच्या वर जाऊ नये. हे पाळायचं ते ऐकणाऱ्यासाठी. आमच्या आधी दुसऱ्या कुणाचा भाग ऐकून आमच्यावर आला, तर त्याला आवाजाचं बटण दाबावं लागू नये.

आता एमपीथ्री. मूळ रेकॉर्डिंग साडेतीनशे एमबीच्या वर आहे. ते जपून ठेवायचं, पाठवायचं नाही. भाग आहे ४१ मिनिटं २० सेकंदांचा, म्हणजे २४८० सेकंद. बोलण्याला दोन कानांचे दोन वेगळे मार्ग लागत नाहीत, म्हणून मोनो, सेकंदाला ६४ किलोबिट. म्हणजे सेकंदाला आठ हजार बाइट. २४८० ला आठ हजारांनी गुणलं की एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख चाळीस हजार. त्यात मुखचित्र आणि नावगाव धरून फाईल झाली १९९९२४१८ बाइटची, जेमतेम वीस एमबी. हेच स्टीरिओत, १२८ वर केलं असतं तर चाळीस झाली असती. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर घरातली दोन पोरं व्हिडिओ बघतात, तिथं आजोबांच्या वाट्याला जे उरतं त्यात आमचा भाग बसला पाहिजे. संगीताचा भाग असता तर मी हा हिशोब असा केला नसता. हार्मोनियम आणि संबळ ६४ वर उघडे पडतात. बोलणं मात्र चांगलं टिकतं.

फाईलच्या नावात मी क्रमांक घालते, `041.mp3`. दुरुस्तीची वेळ आलीच तर नवीन नाव, `041-b.mp3`. जुन्याच नावानं नवी फाईल ठेवली तर मधल्या साठवणीच्या सर्व्हरांवर जुनी प्रत रेंगाळते, आणि नांदेडला एक ऐकू येतं, लातूरला दुसरंच.

सकाळी १० ते दुपारी १

दिवसातला सगळ्यात मोठा वेळ पानाच्या मजकुरात जातो आणि तो जायलाच हवा.

सर्वांत वर भागाचं नाव, तारीख, लांबी. त्याच्या लगेच खाली प्लेअर, मग चार ओळींत भाग कशाबद्दल आहे ते, मग वेळांची यादी, मग पूर्ण संहिता. ॲपच्या दुव्यांची रांग प्लेअरच्या खाली येते. बऱ्याच पॉडकास्टच्या पानांवर आधी सात ॲपची सात बोधचिन्हं येतात आणि वाजवायचं बटण शोधावं लागतं. मला ते पटत नाही. ज्यानं व्हॉट्सॲपवरचा दुवा दाबला, तो ऐकायला आला आहे. त्याला आधी ऐकू द्यावं. ॲप त्यानं नंतर निवडावं.

प्लेअर आम्ही ब्राउझरचाच वापरतो. एका ओळीचं काम आहे:

```
<audio id="player" controls preload="none" src="/audio/041.mp3"></audio>
```

स्पॉटिफाय आणि ॲपल आपापला तयार डबा देतात, तो पानात चिकटवला की झालं. दिसायला देखणा असतो. पण तो डबा म्हणजे आपल्या पानात उघडलेलं दुसऱ्याचं पान. त्याच्या स्क्रिप्ट, त्याची चित्रं सगळं सोबत येतं. मुदखेडकडे जाताना रेंज एका काडीवर आली की पान उघडतं, मजकूर दिसतो आणि प्लेअरच्या जागी पांढरा चौकोन राहतो. म्हणून तो डबा मी पानाच्या तळाशी ठेवते, `loading="lazy"` लावून, म्हणजे वाचत खाली जाईल त्याच्याच फोनवर तो उतरतो.

`preload="none"` ला कारण आहे. त्या जागी `metadata` लिहिलं तर बटण दाबायच्या आधीच ब्राउझर फाईलचा सुरुवातीचा तुकडा मागवतो, लांबी दाखवता यावी म्हणून. एका पानावर एकच भाग असेल तर काही बिघडत नाही. पण सगळ्या भागांच्या यादीच्या पानावर प्रत्येक भागासमोर प्लेअर असतो, आणि नुसतं पान उघडलं की तितक्या फायलींकडे मागण्या जातात. लांबी मला माहीतच आहे. ती मी शब्दांत लिहिते.

वेळांची यादी लिहिताना आकडे इंग्रजी घेते, `12:40` असे, कारण ॲप वर्णनातली वेळ त्याच रूपात ओळखतात आणि ती दाबता येते. आमच्या पानावर त्यासाठी एवढंसं पुरतं:

```
player.currentTime = 760;
player.play();
```

बारा मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे ७६० सेकंद. तिथं कलम १४४ ची गोष्ट सुरू होते: मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी पाचांहून जास्त माणसांनी जमू नये असा जमावबंदीचा हुकूम निघाला होता. मांजरा धरण आटलं होतं, टँकरभोवती भांडणं होत होती. हा भाग पुष्कळांना थेट ऐकायचा असणार, विशेषतः शिकवणाऱ्यांना. सकाळी निवेदनातलं वाक्य बदललं ते जुन्यापेक्षा तीन सेकंदांनी लांब आहे, म्हणून तिसऱ्या मिनिटानंतरच्या प्रत्येक वेळेत तीन मिळवले. हे यंत्रावर सोडत नाही. प्रत्येक वेळ दाबून, पहिला शब्द ऐकून पुढं जाते. माणूस बोलायला लागायच्या एक सेकंद आधीची वेळ धरावी लागते, नाही तर वाक्याचं पहिलं अक्षर तुटतं.

मग संहिता. ॲपलनं मार्च २०२४ पासून भागांची संहिता आपोआप द्यायला सुरुवात केली, पण ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या भाषांनी. मराठीची आम्हीच लिहितो. पहिला कच्चा मजकूर लातूरहून येतो आणि मी ऐकत ऐकत दुरुस्त करते. काकू म्हणतात, "पानी येऊलालंय म्हनल्यावर लेकरं बी पळाली टेसनावर." हे मी "पाणी येत आहे असे समजल्यावर मुलेही स्थानकाकडे धावली" असं करत नाही. जे कानाला ऐकू येतं तेच डोळ्याला दिसलं पाहिजे. मात्र निवेदनातली गावांची आणि माणसांची नावं प्रमाण रूपात लिहिते, कारण शोधणारा "टेसन" टाकून शोधणार नाही. आवाजात काय आहे ते शोधयंत्राला कळत नाही. उद्या कुणी "लातूर पाणी रेल्वे मिरज" असं टाकलं तर आमचं पान सापडेल ते या संहितेमुळे.

पानाचा पत्ता रोमन लिपीत ठेवते, `/jaldoot-latur`. मला मराठीत आवडला असता. पण देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह दुव्यात चिकटवताना नऊ अक्षरांचं होतं. "जलदूत" एवढ्या शब्दाचे पंचेचाळीस, आणि तेही टक्क्यांच्या खुणांनी भरलेले. व्हॉट्सॲपवर असा दुवा दिसला की माणसं तो दाबत नाहीत, फसवणुकीचा समजतात. त्यांची ती सावधगिरी योग्यच आहे.

दुपारी दीड

ज्वारीची भाकरी, पिठलं. लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप, पंखा नाही.

दुपारी अडीच

फीड. ही एक साधी मजकुराची फाईल असते आणि सगळी ॲप तीच वाचतात. स्पॉटिफायला वेगळं, ॲपलला वेगळं काही चढवायचं नसतं. आपण फीडमध्ये एक नोंद घालतो आणि ती येऊन वाचून जातात. आजची नोंद थोडक्यात अशी:

```
<item>
  <title>जलदूत: मिरज ते लातूर</title>
  <guid isPermaLink="false">ep-041</guid>
  <pubDate>Sat, 12 Apr 2025 18:30:00 +0530</pubDate>
  <enclosure url="https://example.com/audio/041.mp3"
    length="19992418" type="audio/mpeg"/>
</item>
```

यात तीन जागा मी बोट ठेवून तपासते. `length` मध्ये मिनिटं नसतात, बाइट असतात. सकाळची दुरुस्ती होण्याआधीचा आकडा राहिला नाही ना, हे बघायचं. `pubDate` च्या शेवटचं `+0530` राहून तिथं `GMT` पडलं तर साडेसहा संध्याकाळचे उरत नाहीत. आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा होतात आणि तारीख १३ लागते. आजच्या भागाचा सगळा अर्थ बारा तारखेत आहे.

तिसरी आणि सगळ्यात नाजूक जागा `guid`. ॲप भाग ओळखतं ते या खुणेवरून. नाव बदला, फाईल बदला, वर्णन बदला, ॲप म्हणतं तोच भाग, थोडा सुधारलेला. पण खूण बदलली की तो नवा भाग होतो, आणि ऐकणाऱ्याच्या यादीत एकच भाग दोनदा दिसायला लागतो. काही यंत्रणा फाईलच्या पत्त्यालाच खूण म्हणून वापरतात. तसं असेल तर सर्व्हर बदलल्याच्या दिवशी सगळे जुने भाग एकदम नवे होऊन प्रत्येकाच्या फोनवर येतात. म्हणून आमची खूण पत्त्याशी बांधलेली नाही.

दुपारी साडेतीन

पान फक्त आम्हा दोघांना दिसेल अशा पत्त्यावर ठेवलं आणि लातूरला कळवलं. दहा मिनिटांत फोन.

"ताई, माझ्या फोनवर वाजतंय, पण वेळ दाबली की परत पहिल्यापासून सुरू होतंय. आणि बहिणीच्या आयफोनवर तर वाजतच नाही."

ही दोन लक्षणं एकत्र आली की मी फाईल तपासत नाही, सर्व्हर तपासते. गेल्या महिन्यात ऑडिओ आम्ही दुसऱ्या साठवणीवर नेला आहे. जुने भाग जुन्याच जागी आहेत; नव्या जागेवरून जाणारा हा पहिला.

प्लेअर अख्खी फाईल एका दमात मागत नाही. तो म्हणतो, मला अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत द्या. १२ मिनिटं ४० सेकंद दाबली की साठ लाखाव्या बाइटच्या पुढचा तुकडा मागितला जातो. सर्व्हरला तुकडा देता येत असेल तर तो `206` म्हणून उत्तर देतो. येत नसेल तर `200` म्हणून सगळी फाईल पहिल्यापासून ओतायला लागतो. अँड्रॉइडवर त्यामुळे उडी मारता येत नाही. आयफोनचा ब्राउझर तर तुकडे मिळत नसतील तर वाजवायलाच नकार देतो. ॲपलच्या पॉडकास्ट यादीतही ही अट आहे. विचारून बघायला एक ओळ पुरते:

```
curl -s -o /dev/null -D - -H "Range: bytes=0-99" \
  https://example.com/audio/041.mp3
```

पहिले शंभर बाइट मागितले. उत्तर आलं `200`, लांबी पूर्ण १९९९२४१८. निदान झालं.

कारण शोधायला तासभर गेला. नव्या जागी किती वेळा फाईल उतरवली गेली ते मोजण्यासाठी मध्ये एक छोटी स्क्रिप्ट बसवलेली होती. मागणी तिच्याकडे जायची, ती फाईल उघडून पुढं सरकवायची, आणि "तुकडा द्या" ही अट वाटेतच गळून पडायची. फाईलमध्ये काही दोष नव्हता, लॅपटॉपवर पहिल्यापासून ऐकलं तर सगळं सुरळीत. म्हणून असला दोष एकाच यंत्रावर तपासून कधी सापडत नाही. आयफोन, स्वस्तातला अँड्रॉइड आणि लॅपटॉप, तिन्हींवर मधली एक वेळ दाबून बघायलाच हवी.

ऑडिओचा मार्ग स्क्रिप्ट टाळून थेट फाईलकडे वळवला. पुन्हा विचारलं:

```
HTTP/2 206
content-type: audio/mpeg
content-range: bytes 0-99/19992418
content-length: 100
```

पुन्हा फोन लावला. बहिणीच्या फोनवर कलम १४४ चा भाग बरोबर जागेवर सुरू झाला. मोजणी आता सर्व्हरच्या नोंदवहीतून करावी लागेल. ती करता येते.

संध्याकाळी ५

ॲपचे दुवे. इथं एक क्रम आहे, तो बाहेरून लक्षात येत नाही. आजच्या भागाचा स्पॉटिफायवरचा किंवा ॲपलवरचा पत्ता आत्ता अस्तित्वातच नाही. भाग फीडमध्ये गेल्यावर ॲप तो वाचेल, स्वतःकडे नोंद करेल, तेव्हा तो पत्ता जन्माला येईल. म्हणून पान बाहेर जाताना मी पूर्ण पॉडकास्टच्या पानाचे दुवे देते आणि रात्री ते या भागाच्या थेट दुव्यांनी बदलते. हे बदलायचं राहिलं तर दोन वर्षांनी कुणी जलदूतच्या पानावरून ॲपवर जाईल आणि समोर भलताच ताजा भाग दिसेल.

दुवे चारच ठेवलेत: स्पॉटिफाय, ॲपल, पॉकेट कास्ट्स आणि सरळ फीडचा पत्ता. फीडचा पत्ता कुणी दाबत नाही असं म्हणतात. पण कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये तो चिकटवला की आमचे सगळे भाग येतात, उद्या नव्यानं निघणाऱ्या ॲपमध्येही. गूगल पॉडकास्ट्सनं याची किंमत दाखवून दिली. २०१८ मध्ये ते सुरू झालं, आपल्याकडे जवळपास सगळे अँड्रॉइडवाले, म्हणून बरेच लोक त्यावरच ऐकायचे. २०२४ मध्ये गूगलनं ते बंद केलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी पॉडकास्टच्या पानांवर ते रंगीत बटण अजून आहे आणि कुठंच नेत नाही. ज्यांचं स्वतःचं पान नव्हतं, नुसता ॲपचा दुवाच लोकांना दिलेला होता, त्यांना आपला ऐकणारा पुन्हा गाठायला काही साधन उरलं नाही. आमच्या जुन्या पानांवरची ती बटणं काढून तिथं फीडचा पत्ता घातला. आज तीन पानं राहिली होती, ती उरकली.

संध्याकाळी साडेसहा

फीड खुलं केलं. आधी तपासणीच्या यंत्रातून काढलं, कारण नावात एखादं सुटं `&` राहिलं तरी अख्खं फीड वाचता येत नाही आणि जुने भागही ॲपवर ताजे होणं थांबतं. मग पान खुलं केलं. मग दुवा व्हॉट्सॲपवर आधी स्वतःलाच पाठवला. नाव, दोन ओळी आणि चित्र नीट उमटलं. व्हॉट्सॲप एकदा घेतलेलं चित्र धरून ठेवतं, म्हणून गटांत टाकण्याआधी ही पाहणी. चित्र हलकंच ठेवते. फीडसाठीचं मुखचित्र ३००० बाय ३००० चं ठेवते, ते इथं वापरलं तर जड होऊन दिसत नाही.

लातूरच्या गटांत सहकाऱ्यानं टाकलं, नांदेडच्या मी.

रात्री ८

स्पॉटिफायवर भाग दिसायला लागला. थेट दुवा घेतला, पानावर बदलला, दाबून बघितला. ॲपलला अजून वेळ आहे.

एका निवृत्त गुरुजींचा निरोप आला. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात धुऊन आल्या होत्या, हे भागात सांगितलंय, पण संहितेत "कोटा" ऐवजी "गोटा" पडलंय. खरंच पडलं होतं. पानावर लगेच नीट केलं. आवाजात ते बरोबरच होतं, त्यामुळे तेवढ्यावर भागलं.

रात्री साडेनऊ

नोंदवही उघडली. आकडा सांगताना आम्ही एक नियम पाळतो, तो जाहिरात क्षेत्रातल्या आयएबी या संस्थेनं घालून दिलेला आहे: किमान एक मिनिटाचा आवाज उतरला तरच एक धरायचा, आणि एकाच पत्त्यावरून, एकाच प्रकारच्या यंत्रानं चोवीस तासांत कितीही वेळा मागितलं तरी एकच. आमच्या ६४ च्या फाईलला एक मिनिट म्हणजे चार लाख ऐंशी हजार बाइट. त्याहून लहान मागण्या गाळल्या की दुपारची, दुरुस्तीनंतरची आमची शंभर बाइटची चौकशीही आपोआप निघून जाते. पानावर `preload="none"` असल्यामुळे नुसतं पान उघडून गेलेल्यांची भर यात पडत नाही.

तरी हा आकडा कमीच दाखवतो. मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देतात. एकाच गावातले दोन जण, सारख्याच फोनवर, सारख्याच ब्राउझरमध्ये ऐकत असले तर ते एकच मोजले जाऊ शकतात. पुण्यात घरोघरी वेगळी जोडणी असणाऱ्यांपेक्षा औसा तालुक्यातल्या ऐकणाऱ्यावर याचा परिणाम जास्त. जाहिरातदाराशी बोलायची वेळ आली की मी हे स्पष्ट सांगते, पण आकडा वाढवून लिहीत नाही.

रात्री अकरा

ॲपलवर भाग आला. दुवा बदलला. तिथल्या वर्णनात वेळांची यादी बरोबर उमटली, `12:40` दाबल्यावर जमावबंदीचाच भाग लागला. मूळ मोठी फाईल दोन वेगळ्या डिस्कवर घेतली; एक माझ्याकडे राहील, दुसरी पुढच्या आठवड्यात पनवेल गाडीनं लातूरला जाईल. सोबत संहिता आणि फीडची आजची प्रत. सर्व्हर गेला, ॲप बंद पडलं, तरी या तीन गोष्टींवरून हे पान दुसऱ्या कुठल्याही जागी पुन्हा उभं करता येतं.

उद्या मोजणीची स्क्रिप्ट कायमची काढायला लिहायचं आहे, आणि पुढच्या भागासाठी लातूरला विचारायचं आहे की स्टेशनजवळच्या ज्या विहिरीत हे पाणी उतरवलं जायचं, तिथं आज कोण बोलायला तयार आहे.